लॉकरमधले पार्सल आणि मुदत संपलेला कोड

दिवसभर घराला कुलूप, शेजारी अनोळखी आणि दारावर कुरिअरवाल्याने चिकटवून ठेवलेली ‘आपण घरी नव्हता’ अशी चिठ्ठी. शिक्षणासाठी वा नोकरीसाठी लंडन, मँचेस्टर किंवा बर्लिनला गेलेल्या मराठी तरुणांना हा अनुभव पहिल्याच महिन्यात येतो. इमारतीला चौकीदार नसतो, पार्सल ठेवून घ्यायला वाण्याचे दुकानही नसते. अशा वेळी घरपोच सेवेऐवजी जवळच्या लॉकरमध्ये किंवा संकलन केंद्रात पार्सल मागविण्याचा पर्याय सोयीचा ठरतो. मात्र या सोयीला मुदतीची अट आहे. ती हुकली, की हातातला सहा अंकी कोड निरुपयोगी होतो आणि वस्तू अवघ्या काही फुटांवर कप्प्यात असूनही मिळत नाही.

लॉकरची व्यवस्था

ही कल्पना नवी नाही. जर्मनीच्या टपाल सेवेने 2001 मध्ये डॉर्टमुंड आणि माइन्झ या शहरांत ‘पॅकस्टेशन’ची चाचणी सुरू केली. पोलंडमध्ये ‘इनपोस्ट’ कंपनीची पार्सल-कपाटे 2009 पासून उभी राहू लागली. ‘अॅमेझॉन’ने 2011 मध्ये सिएटल, न्यूयॉर्क आणि लंडन येथे आपले लॉकर बसविले. आज रेल्वे स्थानके, पेट्रोल पंप, किराणा दुकाने आणि ग्रंथालयांच्या दारात अशी कपाटे दिसतात.

ब्रिटनमधील अॅमेझॉन लॉकरचे उदाहरण घेतले तर व्यवहार असा चालतो. मागणी नोंदविताना ग्राहक घरच्या पत्त्याऐवजी पिनकोडच्या आधारे जवळचा लॉकर निवडतो. प्रत्येक लॉकरला स्वतःचे नाव असते व ते कपाटावर लिहिलेले असते. कुरिअर कर्मचारी पार्सल रिकाम्या कप्प्यात ठेवतो आणि कप्पा बंद होताच ग्राहकाला ई-मेलने सहा अंकी कोड व बारकोड पाठविला जातो. कपाटाच्या पडद्यावर कोड टाकला किंवा बारकोड दाखविला, की नेमका तोच कप्पा उघडतो. ज्या नव्या कपाटांना पडदा नाही, ती मोबाईलमधील अॅपद्वारे ब्लूटूथच्या साहाय्याने उघडतात. ओळखपत्र कोणी विचारत नाही. ज्याच्याकडे कोड, त्याला पार्सल, असा साधा नियम आहे. त्यामुळे कोड मित्राला देऊन त्याच्याकरवी वस्तू आणविता येते. पण त्याच कारणाने तो कोणाच्याही हाती पडू देणे धोक्याचे आहे.

मुदत एवढी कमी का?

अॅमेझॉनच्या लॉकरमध्ये पार्सल तीन दिवस थांबते. हे दिवस दिनदर्शिकेप्रमाणे मोजले जातात. म्हणजे शनिवार, रविवार आणि बँकांच्या सुट्ट्याही त्यात आल्या. पोलंडमध्ये इनपोस्टची नेहमीची मुदत 48 तासांची आहे, तर ब्रिटनमध्ये तीच कंपनी 72 तास देते. जर्मन पॅकस्टेशनची मुदत आठवड्याची, म्हणजे तुलनेने उदार आहे.

मुदत आखूड असण्यामागे साधा हिशेब आहे. घरपोच सेवेत एका दिवसात किती पार्सले पोहोचवायची, ते मनुष्यबळावर ठरते. लॉकरमध्ये ते रिकाम्या कप्प्यांवर ठरते. एक पार्सल आठवडाभर पडून राहिले, तर तेवढ्या दिवसांत त्या कप्प्यात येऊ शकणारी दोन-तीन पार्सले अडतात. म्हणून कोड हा केवळ किल्ली नसून कप्प्याच्या भाडेकराराची तारीखही असतो. ती तारीख उलटली, की प्रणाली कोड बंद करते आणि ते पार्सल कर्मचाऱ्याच्या ‘परत न्यावयाच्या’ यादीत टाकते. कर्मचारी मात्र पुढच्या फेरीलाच येतो. त्यामुळे कोड बंद झाला आहे, पण पार्सल अजून आतच आहे, असा काही तासांचा विचित्र अवधी निर्माण होतो. ग्राहकाला काही करता येण्याजोगे असते, ते याच अवधीत.

एका कोटाची गोष्ट

समजा, लंडनमध्ये शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने हिवाळ्यासाठी सवलतीच्या दरात कोट मागविला. घरात पाच भाडेकरू असल्याने तिने विद्यापीठाच्या ग्रंथालयातील लॉकर निवडला. गुरुवारी सायंकाळी कोडचा ई-मेल आला. परीक्षेच्या गडबडीत तिने तो शुक्रवारी रात्री पाहिला. शनिवारी ग्रंथालय लवकर बंद झाले, रविवारी ते उघडलेच नाही. सोमवारी सकाळी तिने कोड टाकला तेव्हा पडद्यावर कोड वैध नसल्याची सूचना आली.

येथे तिची चूक एकच. मुदत तीन दिवसांची होती, पण लॉकर असलेली जागा त्यांपैकी सुमारे निम्मा काळ बंद होती. लॉकर चोवीस तास चालू असला, तरी तो ज्या इमारतीत आहे तिचे दार चोवीस तास उघडे असेलच असे नाही. लॉकर निवडताना त्याच्या नावाखाली दिलेली वेळ पाहणे म्हणूनच महत्त्वाचे. जवळचा पण रविवारी बंद असणारा लॉकर घेण्यापेक्षा दहा मिनिटे लांबच्या पेट्रोल पंपावरचा लॉकर अनेकदा उपयुक्त ठरतो.

कोड चालला नाही तर...

पहिली गोष्ट, मुदत खरोखरच संपली आहे का, ते तपासावे. ई-मेलमध्ये शेवटची तारीख दिलेली असते आणि तीच प्रमाण मानावी. आपण मोजलेले दिवस नव्हेत. तारीख उलटलेली नसेल, तर अडचण वेगळी असते. एका मागणीची दोन पार्सले झाली असतील, तर दोन वेगळे कोड येतात आणि जुना, वापरून झालेला कोड पुन्हा टाकला जातो. एकाच चौकात दोन कपाटे असतील, तर नाव न पाहता दुसऱ्याच कपाटावर प्रयत्न होतो. ही दोन्ही कारणे दोन मिनिटांत दूर करता येतात.

दुसरी गोष्ट, तारीख उलटली असेल तर खात्यातील मागणीच्या नोंदीत पार्सलची स्थिती पाहावी. ‘परतीच्या मार्गावर’ अशी नोंद नसेल, तर पार्सल अद्याप कप्प्यात असण्याची शक्यता आहे. अशा वेळी लॉकरजवळ उभे राहूनच कंपनीच्या ग्राहक सेवेशी संपर्क साधावा. पार्सल आत असल्याची खात्री झाल्यास काही वेळा नवा कोड मिळू शकतो. हा हक्क मात्र नव्हे, त्यामुळे त्यावर विसंबून राहू नये. दुकानदाराला किंवा ग्रंथालयातील कर्मचाऱ्याला विनविण्यात अर्थ नसतो. लॉकर त्यांच्या जागेत असला, तरी कप्पा उघडण्याचा अधिकार त्यांना नसतो.

तिसरी गोष्ट, परतीची नोंद झाली असेल तर पार्सल मध्येच थांबविण्याचा खटाटोप सोडून द्यावा. अॅमेझॉनच्या नियमाप्रमाणे न नेलेले पार्सल परत जाते आणि पूर्ण रक्कम ग्राहकाला परत मिळते. तोटा होतो तो वेगळ्या ठिकाणी. परतावा त्या वेळी भरलेल्या किमतीचा मिळतो, पण नवी मागणी त्या दिवशीच्या किमतीने नोंदवावी लागते. सवलत संपली असेल, तर तोच कोट महाग पडतो. आपल्या उदाहरणातील विद्यार्थिनीचे पैसे परत येतील. पण स्वस्तात मिळालेला कोट गेला, तो गेलाच.

इनपोस्टची पद्धत यापेक्षा थोडी निराळी आहे. पोलंडमध्ये अॅपमधून शुल्क भरून मुदत वाढविता येते. परंतु ती संपण्यापूर्वी. त्यामुळे वेळेत पोहोचता येणार नाही असे दिसताच वाढ घ्यावी. आठवणीच्या शेवटच्या संदेशाची वाट पाहू नये.

घरपोच केव्हा बरे?

लॉकरच्या कप्प्याला मर्यादा आहेत. अॅमेझॉनच्या ब्रिटनमधील लॉकरसाठी पार्सल साधारण 42 बाय 35 बाय 32 सेंटिमीटरच्या आत आणि साडेचार किलोपेक्षा हलके असावे लागते. मिक्सर किंवा प्रवासाची मोठी बॅग त्यात बसत नाही. औषधे व नाशवंत वस्तूंसाठी, तसेच पुढील तीन दिवस गावाबाहेर जाणाऱ्यांसाठी घरपोच सेवाच योग्य. दिवसा घरी कोणी नसलेल्या, पण रोज त्याच स्थानकावरून ये-जा करणाऱ्या ग्राहकाला मात्र लॉकर अधिक सुरक्षित वाटेल. पार्सल दारात पडून राहात नाही आणि चोरीला जात नाही.

ब्रिटनमध्ये 2015 च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार वस्तू ग्राहकाच्या किंवा त्याने नेमलेल्या व्यक्तीच्या प्रत्यक्ष ताब्यात येईपर्यंत तिची जोखीम विक्रेत्यावर असते. म्हणून कप्पा उघडला आणि तो रिकामा निघाला, तर घरी जाऊन तक्रार करण्याऐवजी तेथेच कप्प्याचे छायाचित्र घ्यावे आणि ताबडतोब कळवावे. नोंदीत पार्सल ‘नेले’ असे दिसू लागल्यावर हाच पुरावा उपयोगी पडतो.

आपल्याकडील कोड

मुंबई-पुण्यात लॉकरपेक्षा घरपोच सेवेचाच प्रघात आहे. तरी कोड येथेही आला आहे. महागडी वस्तू देताना कुरिअर कर्मचारी ओटीपी मागतो. तो सहसा त्या दिवसापुरताच असतो. दुसऱ्या दिवशी पार्सल आले तर जुना ओटीपी चालत नाही, नवा येतो. हा अंक पार्सल समोर दिसल्याखेरीज सांगू नये. फोनवर तर मुळीच नाही. ओटीपी सांगितला, की वस्तू मिळाल्याची नोंद होते आणि त्यानंतर तक्रार सिद्ध करणे कठीण जाते.

‘तुमचे पार्सल अडकले आहे, मुदत संपत आहे, या दुव्यावर जाऊन थोडे शुल्क भरा’ असे संदेश भारतीय टपाल खात्याच्या नावाने फिरतात. ते बनावट असल्याचा खुलासा केंद्राच्या पत्र सूचना कार्यालयाने 2024 मध्ये केला होता. खरी मुदत आणि खरी स्थिती पाहण्याची जागा एकच, ती म्हणजे आपण जेथे मागणी नोंदविली ते खाते. संदेशातील दुव्यावर न जाता स्वतः ते उघडून पाहावे. फसवणूक झालीच, तर 1930 या क्रमांकावर लगेच कळवावे.

परतावा रखडल्यास 2020 च्या ई-कॉमर्स नियमांचा आधार घेता येतो. त्यानुसार कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने तक्रारीची पोच 48 तासांत द्यावी आणि एका महिन्यात ती निकाली काढावी, असे बंधन आहे. त्यानेही काम न झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा 1915 हा क्रमांक आहे. तक्रार करताना मागणी क्रमांक, कोड आलेल्या संदेशाची तारीख व वेळ आणि पार्सल परत गेल्याची नोंद या तीन गोष्टी जवळ ठेवाव्यात. म्हणूनच मुदत संपली म्हणून कोडचा संदेश लगेच पुसून टाकू नये. तो कप्पा उघडत नसला, तरी तक्रारीच्या वेळी तोच पुरावा ठरतो.