मफ्‌ऊल मअहू
मफ्‌ऊल मअहू : अरबी व्याकरणातील एक द्वितीयान्त पद. ‘ज्याच्यासह क्रिया घडते ते’ असा या संज्ञेचा शब्दार्थ आहे. ‘व’ (वाव) हे अरबीतील सर्वांत सामान्य उभयान्वयी अव्यय. मात्र काही वाक्यांत त्याचा अर्थ ‘आणि’ असा न राहता ‘सह’, ‘बरोबर’ असा होतो आणि त्यापुढील नाम नस्ब म्हणजे द्वितीया विभक्ती घेते. हे नाम म्हणजेच मफ्‌ऊल मअहू होय. दोन्ही अर्थांसाठी अव्यय एकच असल्याने भेद दाखविण्याचे काम नामाच्या अंत्य स्वराकडे येते.

साध्या जोडणीत (अत्फ) वावनंतरचे नाम आधीच्या नामाचीच विभक्ती घेते. ‘जाअ झैदुन् व अम्रुन्’ (झैद आणि अम्र आले) या वाक्यात दोन्ही नामे प्रथमेत आहेत आणि येण्याची क्रिया दोघांवरही सारखीच लागू होते. मात्र दोघे एकाच वेळी आले की मागेपुढे, हे हा वाव सांगत नाही. तो केवळ एकत्र मोजतो. याउलट ‘जिअ्तु व झैदन्’ (मी झैदबरोबर आलो) या वाक्यात विधान वक्त्याच्या येण्याविषयी आहे. झैदही आला असणार. पण वाक्य सांगते ते त्याचे सहचरत्व. ‘सिर्तु वन्-नह्‌र’ (मी नदीच्या कडेकडेने चाललो) येथे तर नदी चालत नाहीच. ती केवळ सोबतीला आहे. मराठीत ‘मी व झैद आलो’ आणि ‘मी झैदबरोबर आलो’ अशी दोन वाक्ये शब्दयोगी अव्ययामुळे सहज वेगळी पडतात. संस्कृतातही ‘सह’च्या योगात गौण पदाला तृतीया होते, असे पाणिनीने सांगितले आहे (२·३·१९). सोबत्याला गौण मानण्याची दृष्टी दोन्ही परंपरांत सारखी आहे. मात्र अरबीतील या रचनेत ‘सह’सारखा वेगळा शब्द नसतो.

या भेदाने अर्थ किती बदलतो, हे बसरा येथील वैयाकरण सीबवैही (मृ. सु. ७९६) याने *अल्-किताब* या ग्रंथात दिलेल्या एका उदाहरणावरून स्पष्ट होते. सांडणी व तिचे पिलू सोडून दिले, तर पिलू तिचे दूध पिईल, असा त्या वाक्याचा आशय आहे. त्यात ‘सांडणी’ हे नाम प्रथमेत असून ‘पिलू’ (फसील) द्वितीयेत आहे. येथे पिलूही प्रथमेत ठेवले, तर सांडणी सोडली आणि पिलूही सोडले, एवढाच अर्थ होईल. दोघे दोन वेगळ्या कुरणांत सोडलेले असले, तरी ते विधान खरे ठरेल आणि दूध पिण्याचा निष्कर्ष मात्र त्यातून निघणार नाही. सांडणीला पिलासह सोडले, असा अर्थ घेतला तरच वाक्याचा उत्तरार्ध पूर्वार्धातून निघतो.

कोठे कोणती रचना घ्यावी, याचे नियम पुढील वैयाकरणांनी अधिक काटेकोर केले. मफ्‌ऊल मअहूपूर्वी क्रियापद किंवा क्रियार्थक शब्द असलेले वाक्य यावे लागते आणि हे नाम काढून घेतले तरी ते वाक्य पूर्ण राहावे लागते. म्हणून ‘भागीदारी करणे’ (इश्तरक) या क्रियापदाच्या एकवचनी कर्त्यापुढे वाव आला, तर तेथे जोडणीच अनिवार्य ठरते. कारण एकट्याची भागीदारी होत नाही. ‘झैद आला आणि अम्र त्याच्या आधी आला’ अशा अर्थाच्या वाक्यातही जोडणीच हवी. ‘आधी’ हा शब्द सहचरत्वाला बाध आणतो. नदीच्या उदाहरणात नेमके उलट, म्हणजे द्वितीयाच हवी. ‘जिअ्तु व झैदन्’ यात द्वितीया श्रेयस्कर मानली जाते, याचे कारण रूपाशी निगडित आहे. ‘मी’ हा कर्ता येथे क्रियापदाच्या प्रत्ययात आहे आणि अशा प्रत्ययाला नाम थेट जोडणे दुर्बल समजतात. ‘अना’ (मी) हे स्वतंत्र सर्वनाम मध्ये घातले, की ‘जिअ्तु अना व झैदुन्’ ही जोडणी निर्दोष होते. कधी कारण अर्थाशी निगडित असते. ‘तू झैदशी भावासारखा राहा’ या आशयाच्या वाक्यात ‘तू’ हे सर्वनाम स्वतंत्रपणे उच्चारलेले असले, तरी इब्न हिशाम (१३०९–६०) द्वितीयेला पसंती देतो. कारण जोडणी केल्यास ती आज्ञा झैदलाही लागू होईल आणि वक्त्याला ते अभिप्रेत नाही.

अरबी व्याकरणात प्रत्येक विभक्तीला एक कारक शब्द (आमिल) असावा लागतो. या द्वितीयेचा कारक कोणता, यावर बसरा व कूफा येथील संप्रदायांत वाद झाला. त्याचा वृत्तांत इब्नुल्-अंबारी (१११९–८१) याच्या *अल्-इन्साफ* या ग्रंथात आढळतो. बसरावाल्यांच्या मते आधीचे क्रियापदच वावच्या साहाय्याने ही द्वितीया घडविते. अपवाददर्शक ‘इल्ला’ (खेरीज) जसा क्रियापदाला पुढील नामापर्यंत पोहोचवितो, तसाच हा वावही. कूफावाल्यांनी द्वितीयेचे कारण ‘विरोध’ हे मानले. त्यांचा आधार पाणी मोजपट्टीच्या लाकडाशी समपातळीत आले, या आशयाच्या वाक्याचा होता. लाकूड आधी वाकडे नव्हते; तेव्हा ‘समान होणे’ हे क्रियापद त्याच्यासाठी पुन्हा योजता येत नाही आणि दुसरे नाम पहिल्याहून भिन्न ठरल्याने ते द्वितीयेत जाते. यावर बसरावाल्यांचे उत्तर असे, की ‘लाकिन’ (परंतु) हाही दोन नामांत विरोध दाखवितो, तथापि केवळ त्यामुळे पुढील नाम द्वितीयेत जात नाही. अझ्-झज्जाज (मृ. ९२३) याने ‘सोबत राहिला’ अशा अर्थाचे क्रियापद अध्याहृत मानले, परंतु क्रियापद समोर असताना दुसरे कल्पिण्याची गरज नाही, असे म्हणून ते मत नाकारण्यात आले. इब्न मालिक (मृ. १२७४) याने *अल्फिय्या* या पद्यबद्ध व्याकरणात बसरापक्षच स्वीकारला. कूफावाल्यांच्या निरीक्षणात तथ्य होते. पण विरोधाचा नियम या रचनेबाहेर टिकत नव्हता.

या नियमांचा कस कुराणाच्या सूरह यूनुसमधील ७१ व्या आयतीत लागतो. तेथे प्रेषित नूह आपल्या लोकांना, तुमचा बेत निश्चित करा, असे आव्हान देतो आणि वावनंतर ‘तुमचे भागीदार’ हे पद येते. बहुतेक पाठांत ते द्वितीयेत आहे. ‘अज्मअ’ या क्रियापदाचे कर्म बेत किंवा निर्धार असतो, व्यक्ती नव्हे. त्यामुळे ‘भागीदार’ हे पद ‘बेत’ या कर्माला सरळ जोडणे अवघड जाते. म्हणून काहींनी ते मफ्‌ऊल मअहू मानून ‘भागीदारांसह बेत निश्चित करा’ असा अर्थ केला, तर काहींनी ‘बोलवा’ असे क्रियापद अध्याहृत घेतले. दहा मान्य पाठकांपैकी याकूब अल्-हद्रमी याच्या पाठात हे पद प्रथमेत आहे. तेथे ते क्रियापदातील ‘तुम्ही’ या कर्त्याला जोडले जाते आणि बेत करणाऱ्यांत भागीदारही सामील होतात. मध्ये कर्माचे पद आल्यामुळे स्वतंत्र सर्वनामाशिवायही ही जोडणी चालते.

अरबी लेखनात ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत. त्यामुळे वाचकाला हा भेद पुष्कळदा डोळ्यांनी दिसत नाही. ‘झैदन्’मधील अंत्य अलिफ किंवा ‘तुझा बाप’ या अर्थाच्या ‘अबूक’ (प्रथमा) व ‘अबाक’ (द्वितीया) या रूपांतील अक्षरभेद अशा ठिकाणी तो उघड होतो. ‘अन्-नह्‌र’सारख्या उपपदयुक्त नामात मात्र दोन्ही विभक्ती सारख्याच लिहिल्या जातात. तेथे नदी चालते काय, हा अर्थाचा प्रश्नच वाचकाला योग्य स्वराकडे नेतो. बोलभाषांतून विभक्तींचे अंत्य स्वर लोपल्यामुळे ही द्वितीया मुख्यतः प्रमाण लेखी अरबीत व पठणपरंपरेत टिकून आहे.