मध्येच जाड असलेली तुळई किती झुकेल? कॉन्जुगेट बीमची युक्ती

कारखान्याच्या शेडमध्ये किंवा जुन्या लोखंडी पुलाखाली उभे राहून वर पाहिले, तर काही तुळयांच्या वर-खाली जाड पट्ट्या जोडलेल्या दिसतात. गंमत म्हणजे या पट्ट्या बरेचदा तुळईच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जात नाहीत. त्या फक्त मधल्या भागात असतात. अशी तुळई भाराखाली किती झुकेल, हे पाठ केलेल्या सूत्राने काढता येत नाही. कारण WL³/48EI सारखी सूत्रे तुळई सगळीकडे सारखीच आहे असे धरून चालतात. इथे EI, म्हणजे वाकायला होणारा विरोध, मध्येच बदलतो. (E हा पोलादाचा स्वतःचा ताठरपणा आणि I हा तुळईच्या छेदाच्या आकारातून येणारा.)

या प्रश्नावर कॉन्जुगेट बीम पद्धत फार सोयीची पडते. तिच्यामागची मूळ कल्पना जर्मन अभियंता ओटो मोर यांनी १८६८ मध्ये मांडली.

एकच हिशोब, दोनदा

तुळईवरचा भार एका टोकापासून बेरीज करत गेले की शिअर फोर्स मिळतो आणि शिअर फोर्सची तशीच बेरीज करत गेले की बेंडिंग मोमेंट मिळतो. आता दुसरी साखळी पाहा. तुळई एखाद्या ठिकाणी किती वक्र होते, हे तिथल्या मोमेंटला EI ने भागून, म्हणजे M/EI वरून कळते. या वक्रतेची बेरीज म्हणजे तुळईचा उतार, आणि उताराची बेरीज म्हणजे तिचे झुकणे, अर्थात डिफ्लेक्शन.

दोन्ही साखळ्यांचे गणित हुबेहूब एकच आहे. म्हणून तेवढ्याच लांबीची एक काल्पनिक तुळई घ्यायची आणि M/EI ची आकृती तिच्यावर भार म्हणून ठेवायची. या काल्पनिक तुळईतला शिअर म्हणजे खऱ्या तुळईचा उतार आणि तिच्यातला मोमेंट म्हणजे खऱ्या तुळईचे डिफ्लेक्शन. बदलणारा EI भारातच मुरून जातो. काल्पनिक तुळईला स्वतःचा ताठरपणा असावाच लागत नाही, कारण तिच्यावर फक्त समतोलाची समीकरणे लावायची असतात.

फक्त आधार विचारपूर्वक बदलावे लागतात. नुसत्या टेकलेल्या टोकाला डिफ्लेक्शन शून्य असते, पण उतार असतो. म्हणून काल्पनिक तुळईतही तिथे मोमेंट शून्य आणि शिअर शिल्लक हवा, म्हणजे टेकलेले टोक टेकलेलेच राहते. भिंतीत घट्ट बसवलेल्या टोकाला मात्र उतार आणि डिफ्लेक्शन दोन्ही शून्य, म्हणून काल्पनिक तुळईत ते टोक मोकळे होते, आणि मोकळे टोक घट्ट बसवलेले होते. कॅन्टिलिव्हरच्या गणितात विद्यार्थी सर्वांत जास्त चुकतात ते इथेच.

आठ मीटरची तुळई

दोन्ही टोकांना टेकलेली ८ मीटर लांबीची तुळई घेऊ. तिच्या बरोबर मध्यावर दुसरी तुळई येऊन टेकते आणि ४० किलोन्यूटनचा, म्हणजे साधारण ४ टनांचा, भार देते. स्वतःचे वजन सध्या बाजूला ठेवू. टोकांकडच्या २-२ मीटरमध्ये छेदाचा आकडा I आहे आणि मधल्या ४ मीटरमध्ये पट्ट्यांमुळे तो २I झाला आहे.

प्रत्येक आधारावर २० किलोन्यूटन येतात. त्यामुळे मोमेंट टोकाला शून्य, २ मीटरवर ४० आणि मध्यावर ८० किलोन्यूटन-मीटर होतो. ही आकृती सरळ रेषेत चढते. पण EI ने भागल्यावर ती तशी राहत नाही. पहिल्या २ मीटरमध्ये M/EI शून्यापासून ४०/EI पर्यंत चढते, पट्टी सुरू होते तिथे एकदम २०/EI वर येते आणि मग मध्यापर्यंत पुन्हा ४०/EI ला पोहोचते. ही पायरी आकृतीत दिसली नाही, तर भागाकार चुकला असे खुशाल समजावे.

आता डाव्या अर्ध्या भागाची क्षेत्रफळे. टोकाकडचा त्रिकोण ४०/EI. पट्टीच्या भागातला समलंब चौकोन फोडला तर २० उंचीचा आयत ४०/EI आणि त्यावरचा त्रिकोण २०/EI. एकूण १००/EI. सममितीमुळे काल्पनिक तुळईच्या आधारावरची प्रतिक्रियाही १००/EI, आणि हाच टोकाचा उतार.

मध्यावरचा मोमेंट काढताना प्रत्येक तुकड्याचे त्याच्या गुरुत्वमध्यापासून मध्यापर्यंतचे अंतर लागते. टोकाकडच्या त्रिकोणासाठी ते २.६७ मीटर, आयतासाठी १ मीटर आणि छोट्या त्रिकोणासाठी ०.६७ मीटर.

```
(100×4 − 40×2.67 − 40×1 − 20×0.67) / EI = 240/EI
```

ताळा सोपा आहे. पूर्ण तुळई I ची असती तर पाठ सूत्राने ४२६.७/EI आले असते, पूर्ण २I ची असती तर २१३.३/EI. उत्तर या दोन्हींच्या मध्ये आलेच पाहिजे, आणि ते आले आहे. शिवाय मध्यावर शिअर १०० − १०० = ० येतो. तिथे तुळई आडवी राहते, हे सममितीवरून आधीच माहीत होते.

पण खरी मजा या तीन आकड्यांत आहे. अर्ध्याच लांबीला पट्टी लावून, पूर्ण लांबीला लावल्यावर जो फायदा झाला असता त्याचा सात-अष्टमांश भाग पदरात पडला. टोकांकडे मोमेंटच कमी असतो, त्यामुळे तिथला ताठरपणा फारसा उपयोगी पडत नाही.

मिलिमीटरमध्ये

ही तुळई आयएसएमबी ३०० असेल, तर I साधारण ८,६०० सेमी⁴ आणि EI सुमारे १७,२०० किलोन्यूटन-मीटर². पट्ट्यांशिवाय डिफ्लेक्शन २४.८ मिमी येते. आयएस ८००:२००७ नुसार तडे जाऊ शकतील अशा बांधकामाखालच्या तुळईला मर्यादा आहे लांबीच्या ३६० व्या भागाची, म्हणजे इथे २२.२ मिमी. ताकदीचे म्हणाल तर काळजी नाही, मोमेंटमुळे येणारा ताण सुमारे १४० मेगापास्कलच आहे. तुळई तुटणार नाही, पण वरच्या भिंतीला तडे जाऊ शकतात. फ्लँजच्याच रुंदीच्या, १२ मिमी जाडीच्या पट्ट्या वर-खाली लावल्या की मधला I जवळपास दुप्पट होतो आणि डिफ्लेक्शन १४ मिमीच्या आसपास येते. पूर्ण लांबीऐवजी मधल्या ४ मीटरलाच लावल्याने सुमारे १०५ किलो पोलाद वाचते.

जागेवर मात्र पट्टी गणितातल्या रेषेवर कापून चालत नाही. पट्टीत बळ वेल्डमधून हळूहळू उतरते, टोकाला ती लगेच काम करू लागत नाही, म्हणून ती थोडी पुढे न्यावी लागते. तसेच इथे फक्त वाकण्यामुळे होणारे डिफ्लेक्शन मोजले आहे. तुळई लांबीच्या मानाने खूप उंच असेल, तर शिअरमुळे होणारी भर वेगळी धरावी लागते. छेद पायरीने न बदलता हळूहळू निमुळता होत असेल, तर M/EI ची रेषा वाकडी होते. मग तिचे अरुंद उभे काप करून प्रत्येकाचे क्षेत्रफळ आणि अंतर याच पद्धतीने मांडतात, आणि कापांची संख्या दुप्पट केल्यावरही उत्तर फारसे हलत नसेल तर तिथे थांबतात.