सबब व समर्थन, दोषारोपातील

एखाद्या व्यक्तीवर अनिष्ट कृत्याचा दोष ठेवला असता, कृत्य आपल्याच हातून घडले हे मान्य करूनही तिला दोष नाकारता येतो. हे दोन प्रकारांनी घडते. ‘कृत्य मी केले, परंतु त्या परिस्थितीत तेच योग्य होते’ या उत्तरास समर्थन म्हणतात. ‘कृत्य अयोग्यच होते, परंतु त्याचा दोष माझ्याकडे येत नाही’ या उत्तरास सबब म्हणतात. ‘सबब’ हा शब्द व्यवहारात पुष्कळदा लटक्या कारणासाठी वापरला जातो. येथे मात्र दोषमुक्त करणारे खरे कारण एवढाच अर्थ अभिप्रेत आहे. समर्थनाने कृत्याचे मूल्यमापन बदलते, तर सबबीने कर्त्याचे.

रुग्णाचे औषध शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तीच्या हातून वाया गेले, अशी कल्पना केल्यास हा भेद स्पष्ट होतो. औषध दूषित आहे असे वैद्याने कळविल्यामुळे तिने ते ओतून दिले असेल, तर ते समर्थन होय. उलट, तिचा पाय घसरून बाटली फुटली असेल (अपघात), सुरा दाखवून कोणी ती तिला ओतावयास लावली असेल (बळजबरी), किंवा बाटलीवर दुसऱ्या कोणी चुकीची चिठ्ठी चिकटविल्याने तिने औषध जुने समजून टाकले असेल (अज्ञान), तर या तिन्ही सबबी होत. पहिल्या प्रसंगात खेदाचे कारण नाही. उरलेल्या तिन्हींत रुग्णाचे अकारण नुकसान झालेले आहे, आणि ते भरून काढण्याचा प्रश्न शिल्लक राहतो.

प्राचीन विचार : या विषयाचे पहिले पद्धतशीर विवेचन ॲरिस्टॉटलच्या (इ. स. पू. ३८४–३२२) नीतिशास्त्रावरील ग्रंथात आढळते. जे कृत्य बळजबरीने किंवा अज्ञानामुळे घडते ते अनैच्छिक, आणि स्तुती-निंदा ऐच्छिक कृत्यांचीच होते, असे त्याने मानले. परंतु वादळात जहाज वाचविण्यासाठी माल समुद्रात फेकणाऱ्या नाविकाचे उदाहरण त्याला अडचणीचे वाटले. सुस्थितीत असा माल कोणी फेकणार नाही. तरी वादळात तो नाविक स्वतःच्या हातांनी व विचारपूर्वक फेकतो. अशा कृत्यांना ॲरिस्टॉटलने संमिश्र म्हटले. अज्ञानाविषयीही त्याने एक मर्यादा घातली : मद्याच्या नशेत केलेले कृत्य अजाणता केलेले असले, तरी नशा करणे कर्त्याच्या हाती होते, म्हणून तो दोषातून सुटत नाही.

भारतीय धर्मशास्त्रातही हे भेद स्वतंत्रपणे विकसित झाले. अंगावर चालून आलेल्या आततायीचा वध करणाऱ्यास दोष लागत नाही, हा मनुस्मृतीतील नियम समर्थनाचा आहे. अजाणता घडलेल्या पापास जाणूनबुजून केलेल्या पापाहून सौम्य प्रायश्चित्त सांगणारा नियम सबबीचा आहे. कारण त्यात दोष कमी होतो, पण कृत्य पापच राहते. बळजबरीने दिलेले, उपभोगलेले किंवा लिहून घेतलेले ते न केल्यासारखेच समजावे, असेही तेथे सांगितले आहे.

इंग्लिश कायदा : मध्ययुगीन इंग्लंडमध्ये या भेदाला प्रत्यक्ष आर्थिक परिणाम होता. कायद्याच्या आज्ञेने देहान्त शिक्षा अंमलात आणणाऱ्याने केलेला मनुष्यवध समर्थनीय मानला जाई व तो पूर्णपणे निर्दोष ठरे. अपघाताने, किंवा अकस्मात झालेल्या भांडणात स्वतःचा जीव वाचविताना घडलेला वध मात्र केवळ क्षम्य असे. अशा माणसाला राजाकडून क्षमा मिळवावी लागे आणि त्याची जंगम मालमत्ता सरकारजमा होई. प्रत्यक्षात ही जप्ती पुढे शिथिल झाली व १८२८ मध्ये ती कायद्याने रद्द करण्यात आली. त्यानंतर दोन्ही प्रकारच्या आरोपींची सारखीच सुटका होऊ लागली आणि कायदेपंडितांचे या भेदाकडे दुर्लक्ष झाले.

भारतीय दंडसंहिता : मेकॉलेच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने १८३७ मध्ये तयार केलेल्या मसुद्यावरून १८६० ची भारतीय दंडसंहिता सिद्ध झाली व १ जानेवारी १८६२ पासून अंमलात आली. तिच्या चौथ्या प्रकरणात सर्व बचाव ‘सर्वसाधारण अपवाद’ या एकाच शीर्षकाखाली आले आणि बहुतेकांचा प्रारंभ ‘कोणतीही गोष्ट अपराध होत नाही’ अशा एकाच साच्याने झाला. १ जुलै २०२४ पासून तिची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. त्या संहितेच्या तिसऱ्या प्रकरणात हेच अपवाद थोड्याफार शब्दबदलाने कायम आहेत. वरवर पाहता सबब व समर्थन यांतील भेद येथे पुसला गेला आहे; परंतु कलमांची उदाहरणे तपासली असता तो आतून टिकून असल्याचे दिसते.

अपघात : जुन्या संहितेच्या कलम ८० मधील (नवे कलम १८) उदाहरण प्रसिद्ध आहे. एक माणूस कुऱ्हाडीने काम करीत असता तिचे पाते दांड्यातून निसटून जवळ उभ्या असलेल्या माणसाला लागते व तो मरतो. काम करणाऱ्याने योग्य ती सावधगिरी घेतली असेल, तर त्याचे कृत्य अपराध ठरत नाही. येथे तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात : काम कायदेशीर असणे, अपराधाचा हेतू किंवा जाणीव नसणे आणि काळजीत कसूर नसणे. दांडा सैल झाल्याचे आधी दिसत असूनही काम चालू ठेवले असेल, तर सबब नाहीशी होते. मनुस्मृतीतील गाडीच्या नियमांत हाच विचार आहे. जनावराची वेसण तुटणे, जू, आस किंवा चाक मोडणे, अथवा गाडीवानाने ‘बाजूला व्हा’ असे ओरडून सांगितलेले असणे, अशा दहा प्रसंगी हानीबद्दल दंड नाही. मात्र गाडीवान अकुशल असल्यामुळे गाडी भलतीकडे गेली व हानी झाली, तर दंड गाडीच्या मालकाला. कारण अकुशल माणसाच्या हाती कासरा देणे हा अपघात नव्हे.

बळजबरी : कोणी हात धरून लोटल्याने धक्का लागला, तर लोटला गेलेल्याचे ते कृत्यच नसते. धमकीचा प्रश्न निराळा असतो. तेथे कर्ता निवड करतो, पण ती मुक्त नसते. कलम ९४ मध्ये (नवे कलम ३२) पुढील उदाहरण आहे : दरोडेखोर एका लोहाराला पकडतात व तत्काळ ठार मारण्याची धमकी देऊन त्याच्या हत्यारांनी घराचा दरवाजा फोडावयास लावतात. लोहार अपराधी नाही. परंतु केवळ मार बसण्याच्या भीतीने जो दरोडेखोरांना सामील होतो, त्याला हा बचाव मिळत नाही. तसेच खुनासाठी आणि देहान्त शिक्षेस पात्र अशा राज्यविरोधी अपराधांसाठी, धमकी कितीही गंभीर असली तरी, तो उपलब्ध नाही.

या लोहाराची तुलना कलम ८१ मधील (नवे कलम १९) कप्तानाशी करणे उद्‌बोधक आहे. स्वतःची चूक नसताना कप्तानाच्या ध्यानात येते, की मार्ग न बदलल्यास वीस-तीस उतारूंची नाव आगबोटीखाली सापडणार. मार्ग बदलल्यास दोनच उतारूंची दुसरी नाव धोक्यात येईल, पण ती कदाचित वाचूही शकेल. पहिली नाव वाचविण्याच्या प्रामाणिक उद्देशाने तो मार्ग बदलतो. त्याने मोठी हानी टाळली. म्हणून हे समर्थन आहे. लोहाराने घरमालकाची कोणतीही हानी टाळलेली नाही. त्याच्या भीतीपुढे सामान्य माणूस टिकला नसता, एवढेच त्याच्या बाजूने म्हणता येते. ॲरिस्टॉटलच्या नाविकाच्या बाबतीत ही दोन उत्तरे एकत्र मिसळलेली होती. त्यामुळेच ते उदाहरण अवघड ठरले.

अज्ञान : येथे अज्ञान म्हणजे वस्तुस्थितीचे अज्ञान, कायद्याचे अज्ञान ही सबब मानली जात नाही. कलम ७९ (नवे कलम १७) ‘जो कायद्याने समर्थित आहे’ आणि ‘जो वस्तुस्थितीच्या गैरसमजामुळे सद्‌भावपूर्वक स्वतःला समर्थित समजतो’ अशा दोन माणसांचा शेजारीशेजारी उल्लेख करते. दोघेही सुटतात, पण दुसऱ्याला समर्थन नसते, ते असल्याचा त्याचा समज असतो. त्यातही योग्य काळजी व लक्ष न देता बाळगलेला समज सद्‌भावपूर्वक मानला जात नाही.

तत्कालीन ओरिसात १९५८ मध्ये घडलेली एक घटना या संदर्भात नेहमी उद्‌धृत होते. ओस पडलेल्या एका विमानतळावर भुतांचा वावर असल्याची समजूत होती. रात्री तेथून जाताना काहीजणांना दूरवर हलता प्रकाश व त्याभोवती नाचल्यासारख्या आकृती दिसल्या. त्यांच्याबरोबरच्या एका नेपाळी नोकराने धावत जाऊन कुकरीने वार केले. त्या आकृती म्हणजे कंदील घेऊन मोहाची फुले वेचणाऱ्या आदिवासी स्त्रिया होत्या. एक स्त्री मरण पावली व इतर जखमी झाल्या. आपण भुतांवर वार करीत आहोत अशी आरोपीची प्रामाणिक समजूत होती, असे मानून सत्र न्यायालयाने कलम ७९ अन्वये त्याला सोडले व उच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. विजेरीच्या प्रकाशात नीट पाहणे शक्य असताना ही समजूत पुरेशा काळजीची म्हणता येईल काय, याबद्दल मतभेद होऊ शकतो. मात्र त्या स्त्रियांवरील वार योग्य होते, असा या निर्णयाचा अर्थ कोणत्याही प्रकारे होत नाही.

भेदाची कसोटी : कर्ता दोन्ही प्रकारे सुटत असेल, तर भेद कशासाठी, याचे उत्तर कलम ९८ (नवे कलम ३६) देते. वेडाच्या भरात हल्ला करणारा किंवा गैरसमजाने हल्ला करणारा अपराधी नसला, तरी त्याच्याविरुद्ध स्वसंरक्षणाचा पूर्ण हक्क राहतो. घरात रात्री हक्काने शिरलेल्या माणसास घरफोड्या समजून दुसऱ्याने सद्‌भावपूर्वक मारहाण केली, तर मारणाऱ्याचा अपराध नाही. तरीही मार खाणाऱ्याला प्रतिकार करता येतो, असे उदाहरण तेथे दिले आहे. या नियमानुसार मोहाची फुले वेचणाऱ्या स्त्रियांपैकी एखादीने त्या नोकरावर उलट प्रहार केला असता, तर तो कायदेशीर ठरला असता. आततायीविरुद्ध योग्य मर्यादेत स्वसंरक्षण करणाऱ्यावर उलट प्रहार करण्याचा हक्क मात्र आततायीला नसतो. कारण ते कृत्य समर्थनीय आहे. तात्पर्य, समर्थन इतरांना कृत्य सहन करावयास लावते. सबब तसे करीत नाही.

विसाव्या शतकात ब्रिटिश तत्त्वज्ञ जॉन लँगशॉ ऑस्टिन (१९११–६०) यांनी १९५६ च्या एका व्याख्यानात या विषयाकडे पुन्हा लक्ष वेधले. त्यानंतर नीतिशास्त्र व दंडविधिशास्त्र या दोहोंत त्याचा विस्तृत विचार झाला. सर्वच बचाव या दोन वर्गांत नेमके बसतात असे नाही. जीव वाचविण्यासाठी मालमत्तेची हानी करणाऱ्याच्या ठिकाणी भीती व योग्य निवड ही दोन्ही असू शकतात. तरी ‘माझा नाइलाज होता’ हे उत्तर ‘मी केले ते बरोबर होते’ या उत्तराच्या जागी ठेवले जाते, तेव्हा हानी सोसणाऱ्याची तक्रारच नाकारली जाते. सबब मान्य करूनही ती तक्रार ऐकून घेता यावी, हे या भेदामुळे शक्य होते.