बा, बापू, दादा : गुजराती मायेचे शब्द आणि कोकणातली माणसे

१/१४
कणकवलीच्या परिसरात देवासमोर गाऱ्हाणे घातले जाते, तेव्हा आरंभी 'बा' हे अक्षर येते. 'बा देवा म्हाराजा' अशी हाक जाते आणि जमलेले लोक 'व्हय म्हाराजा' म्हणून साद देतात. या 'बा'मध्ये बाप आहे, धनी आहे आणि राखणदारही आहे. घाटावरच्या खेड्यांतही 'माझा बा' म्हणजे माझा बापच. गुजरातेत मात्र हेच अक्षर उच्चारले की डोळ्यांसमोर आई उभी राहते. तिथे 'बा' म्हणजे आई, आणि अनेक घरांत आजीसुद्धा.

२/१४
असे सारखे दिसणारे आणि वेगळी माया सांगणारे शब्द भाषांतरकाराची कसोटी पाहतात. कणकवलीचा या कसोटीशी थेट संबंध आहे. येथे १९४८ साली गोपुरी आश्रम उभारणारे सीताराम पुरुषोत्तम ऊर्फ आप्पासाहेब पटवर्धन (१८९४–१९७१) हेच गांधीजींच्या गुजराती आत्मकथेचे मराठी अनुवादक. 'कोकणचे गांधी' म्हणून ओळखला जाणारा हा माणूस आयुष्यभर दोन भाषांच्या उंबरठ्यावर वावरला.

३/१४
पहिली अडचण आत्मकथेच्या आरंभीच उभी राहते. तेथे गांधी घराण्याची हकिकत आजोबा उत्तमचंद यांच्यापासून सुरू होते. गुजरातीत वडिलांच्या वडिलांना 'दादा' म्हणतात. हा शब्द अक्षरश: मराठीत उचलला, तर आजोबांचा एका फटक्यात थोरला भाऊ होतो. मराठीत 'दादा' हा पाठीशी उभा राहणारा, प्रसंगी कान पिळणारा भाऊ. गुजराती 'दादा' हा नातवंडांना मांडीवर घेणारा म्हातारा. थोरल्या भावासाठी गुजराती माणूस 'मोटाभाई' म्हणतो. त्यातला 'मोटा' मराठी 'मोठा'चा सख्खा भाऊ आहे, म्हणून तो शब्द चटकन कळतो. 'दादा' मात्र कळल्यासारखा वाटतो आणि फसवतो.

४/१४
या फसगतीचे एक जिवंत उदाहरण अहमदाबादेत होते. स्वतंत्र भारताच्या लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर हे मूळचे कोकणी घराण्यातले, पण कर्मभूमीने गुजराती. लोक त्यांना 'दादासाहेब' म्हणत. मराठी घरात 'दादा' ही भावाची जागा, तर गुजराती शेजाऱ्याच्या कानी ती आजोबांची. माणूस एकच, पण मराठी शेजारी त्यांच्याकडे बरोबरीच्या आधाराने पाहणार आणि गुजराती शेजारी दोन पिढ्यांच्या अंतराने. 'साहेब' जोडल्यामुळे दोघांचाही आदर जुळला आणि फरक झाकला गेला.

५/१४
येथे मराठीची एक रीत लक्षात घ्यावी लागते. मराठी घरात नात्याचा शब्द पुष्कळदा नाते सोडून नुसते नाव बनतो. एकत्र कुटुंबात धाकटी भावंडे ज्याला 'दादा' म्हणतात, त्याला त्याची स्वत:ची मुलेही 'दादा'च म्हणू लागतात. अण्णा, आप्पा, नाना, तात्या, बापू ही सारी नावे अशीच माणसाला चिकटतात. गुजरातीत दुसरी रीत बळकट आहे. तेथे पुरुषाच्या नावापुढे 'भाई' आणि स्त्रीच्या नावापुढे 'बेन' लावणे हा रोजचा शिष्टाचार आहे. तिथे 'भाई' वगळणे म्हणजे एक तर अगदी जवळीक, नाही तर उद्धटपणा. मराठी 'भाऊ'मध्ये हा रोजचा शिष्टाचार नाही. आणि मुंबईच्या मराठीत नुसता 'भाई' म्हटले, तर वेगळाच दरारा उभा राहतो.

६/१४
मराठी रीत गुजरातेत रुजवण्याचा एक प्रयोग बडोद्यात झाला. बॅरिस्टर केशवराव देशपांडे यांच्या गंगनाथ विद्यालयात शिक्षक आणि विद्यार्थी यांनी एका कुटुंबासारखे राहावे, म्हणून शिक्षकांना नात्यांची नावे दिली गेली. दत्तात्रेय बाळकृष्ण कालेलकर तेथे 'काका' झाले आणि विठ्ठल लक्ष्मण फडके 'मामा'. विद्यालय फार काळ टिकले नाही. इंग्रज सरकारच्या संशयापायी ते बंद पडले. नावे मात्र टिकली. कालेलकरांच्या घराण्याचे मूळ गाव सावंतवाडीजवळचे कालेली, म्हणजे आजच्या सिंधुदुर्गातलेच, फडकेही रत्नागिरीकडचे.

७/१४
'काका' आणि 'मामा' ही नाती दोन्ही भाषांत सारखीच. काका बापाकडचा, मामा आईकडचा. अर्थाला धक्का लागत नाही, पण भावनेची छटा बदलते. मराठी मनात 'काका' या शब्दाला शनिवारवाड्याची एक काळी किनार आहे. १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि त्यांनी राघोबाला घातलेली 'काका, मला वाचवा' ही आर्त हाक लोकस्मृतीत कायमची राहिली. गुजराती कानाला ही किनार ऐकू येत नाही. त्यामुळे गुजराती वाचकांसाठी 'काकासाहेब' हे निखळ जिव्हाळ्याचे नाव ठरले. गांधीजींनी कालेलकरांना 'सवाई गुजराती' म्हटले, इतके ते त्या भाषेत मिसळले.

८/१४
गांधीजींच्या पत्रांत या नावाने एक मौज केली आहे. कालेलकरांना ते 'चि. काका' असा मायना लिहीत. मराठी वाचक येथे क्षणभर थबकतो. 'चि.' म्हणजे चिरंजीव, हा धाकट्याला. आणि 'काका' तर थोरला. एकाच ओळीत माणूस लहानही आणि मोठाही. उलगडा सोपा आहे. 'काका' हे येथे नाते नसून नाव आहे, आणि 'चि.' हे नाते आहे. ज्याने ती पत्रे नुसत्या शब्दार्थाने वाचली, त्याला हे कोडे सुटणार नाही.

९/१४
पत्राच्या शेवटी त्याहून बारीक सापळा आहे. तेथे 'बापुना आशीर्वाद' अशी सही असे. मराठी डोळा हे 'बापूंना आशीर्वाद' असे वाचू पाहतो, म्हणजे जणू कोणी बापूंनाच आशीर्वाद देत आहे. गुजरातीतला 'ना' हा मराठी 'ना' नव्हे. मराठीत 'ना' ही चतुर्थी, कोणाला द्यायचे ते सांगणारी. गुजरातीत 'नो, नी, नुं, ना' हे मराठी 'चा, ची, चे'चे काम करतात. म्हणून अर्थ 'बापूंचे आशीर्वाद' असा. देणारा आणि घेणारा यांची अदलाबदल एका अक्षराने होते.

१०/१४
आता 'बापू' शब्दाकडेच पाहावे. गुजरातीत तो वडिलांसाठी आहे. काठियावाडात जमीनदार, दरबारी पुरुष यांच्यासाठीही आदराने वापरला जातो. मराठीत 'बापू' हे घरातले लाडके नाव. लहान मुलगाही बापू असू शकतो. १८१८ साली आष्टीच्या लढाईत पडलेले पेशव्यांचे सेनापती बापू गोखले यांचे मूळ नाव नरहर, 'बापू' ही हाकेची ओळख. म्हणून गांधीजींना 'बापू' म्हणताना मराठी माणसाला तो शब्द ओळखीचा वाटला, पण त्यातले पितृत्व त्याला नव्याने शिकावे लागले.

११/१४
आणि 'बा'. आत्मकथेत कस्तुरबाई असलेली स्त्री पुढे देशभर 'कस्तुरबा' झाली. आश्रमात तर नुसती 'बा'. काठियावाडी राजपूत स्त्रियांच्या नावांच्या शेवटीही हाच 'बा' येतो. त्याच आश्रमात १९१६ साली विनायक नरहरी भावे हा तरुण आला आणि त्याचे नाव 'विनोबा' झाले. हे नाव ज्ञानोबा, तुकोबा, विठोबा यांच्या वळणाचे आहे. त्यातला 'बा' पुरुषाचा आणि संतपरंपरेचा. गुजराती सवयीने ऐकणाऱ्याला मात्र 'कस्तुरबा' आणि 'विनोबा' एकाच साच्यातली नावे वाटू शकतात. एका आश्रमात दोन 'बा' वावरत होते: एक आईचा आणि एक संतांचा. कन्नडमध्ये तर 'बा' म्हणजे 'ये'. तिथे ती नात्याची नव्हे, बोलावण्याची हाक आहे.

१२/१४
घरगुती लाडाच्या बोलण्यात धोका आणखी वाढतो. गुजराती आई हट्टी मुलीला 'गांडी' म्हणते. मराठी कानाला हा शब्द शिवीसारखा लागतो. प्रत्यक्षात त्याचा अर्थ 'वेडी' एवढाच, आणि सूर 'वेडाबाई' म्हणण्याचा. उलट बाजूने 'बाई' पाहावी. मराठीत शाळेच्या बाई, कामाला येणारी बाई आणि अहिल्याबाई यांतला फरक संदर्भाने ठरतो. शब्द नावाला जोडला आहे की सुटा आहे, आणि कोण कोणाला म्हणत आहे, या दोन गोष्टी पाहिल्या की बहुतेक वेळा अर्थ चुकत नाही.

१३/१४
या नात्याच्या शब्दांचे सामाजिक मोल गोध्र्यात दिसले. तेथील अंत्यज आश्रमाचे काम मामासाहेब फडक्यांनी सांभाळले. अस्पृश्य मानलेल्या घरांतील मुले एका कोकणी ब्राह्मणाला 'मामा' म्हणत. 'गुरुजी' म्हटले असते, तर ते फक्त आदराचे झाले असते. 'मामा' म्हणजे आईचा भाऊ. म्हणजे ही हाक त्या मुलांच्या आईला फडक्यांची बहीण ठरवत होती. ज्या समाजात त्या आईच्या हातचे पाणी चालत नव्हते, तेथे हा शब्द नुसता लाडाचा उरत नाही. आणि नाते दोन्ही भाषांत एकच असल्यामुळे, येथे भाषांतराची गरजच पडली नाही.

१४/१४
आप्पासाहेबांनी तेच मोल कृतीने चुकवले. रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी भंगीकाम मागितले. जातीमुळे ते नाकारले गेले, तेव्हा त्यांनी अन्न कमी केले. डिसेंबर १९३२ मध्ये त्यांच्या पाठिंब्यासाठी गांधीजींनी येरवड्यात उपोषण आरंभले. पुढे गोपुरीत मैला, मेलेली जनावरे आणि चामडे यांचे काम त्यांनी स्वत:च्या हातांनी केले. त्यांच्या 'आप्पा' या नावाचाही कन्नडमधला अर्थ 'वडील'. कणकवलीत मात्र ते मायेने हाक मारायचे नाव होते. गाऱ्हाण्यातला 'बा', आश्रमातली 'बा' आणि पत्रातले 'बापू' असे तिन्ही या एका माणसाच्या वाटेवर भेटतात. गुजराती पत्र किंवा पुस्तक पुढे मराठीत वाचताना 'दादा', 'बा' आणि 'ना' दिसले की एक क्षण थांबावे.