पावसाळी बाह्यचित्रीकरणाचे पर्यायी नियोजन (चिंचपोकळी)

पावसामुळे उघड्यावरचे चित्रीकरण अडल्यास त्या दिवशी कोणते दृश्य, कुठे आणि कोणत्या क्रमाने घ्यायचे हे छोटे चित्रीकरण पथक आधीच ठरवून ठेवते, त्यास पर्यायी नियोजन म्हणतात. चिंचपोकळी परिसरात ते हवामानाच्या अंदाजाइतकेच समुद्राच्या भरतीवर बेतावे लागते. कारण मुंबईच्या पर्जन्यजल वाहिन्या अखेर समुद्राला मिळतात, मोठ्या भरतीत त्यांतील पाण्याचा निचरा अडतो आणि नेमका तेव्हाच जोराचा पाऊस झाला, तर जवळच्या हिंदमातासारख्या सखल भागात पाणी तुंबते.

अंदाज वाचतानाही सावधगिरी हवी. हवामान विभागाच्या लेखी २४ तासांत ६४.५ मिमी वा अधिक पाऊस म्हणजे मुसळधार. पण तो दिवसभर रिपरिपत पडेल की दोन तासांत, हे या आकड्यावरून कळत नाही. शिवाय पाऊस शहरभर सारखा नसतो: २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस झाला, तर कुलाब्यात ७५ मिमीपेक्षाही कमी. म्हणून आदल्या रात्रीच्या अंदाजावर केवळ क्रम ठरवावा आणि प्रत्यक्ष निर्णय पुढील तीन तासांच्या इशाऱ्यावर व रडारच्या चित्रावर घ्यावा.

उदाहरणार्थ, गणेशमूर्तिकारांवर माहितीपट करणारे पाच जणांचे पथक असून भरती दुपारी १ वाजता आहे असे धरल्यास, रस्त्यावरची दृश्ये सकाळी ७ ते १०.३० या वेळेत उरकावीत, ११ ते ३ पथकाने उंच जोत्यावरच्या मूर्तिशाळेत राहून तेथील राखीव दृश्य घ्यावे आणि पाणी ओसरल्याची खात्री करूनच पुन्हा बाहेर पडावे. मूर्तिशाळेतील या राखीव दृश्यास ‘कव्हर सीन’ म्हणतात. तेथे मुलाखत घेणे मात्र चुकीचे ठरते, कारण पत्र्यावरच्या पावसाचा आवाज क्षणाक्षणाला बदलतो आणि संकलनात दोन वाक्ये जोडताना तो तुटल्याचे लगेच कानाला जाणवते. शाडूला हात फिरवणे, डोळ्यांची आखणी अशी संवादाविना चालणारी कामेच तेथे टिपावीत. सकाळी रस्ता कोरडा असल्यास चौकटीपुरता तो बादलीभर पाण्याने ओला करून घ्यावा, म्हणजे दुपारनंतरच्या ओल्या रस्त्याशी दृश्य जुळते.

छोट्या पथकात प्रत्येकाचे हात गुंतलेले असल्याने आकाश, घड्याळ आणि रस्त्यावरचे पाणी यांवर लक्ष ठेवून ‘पॅकअप’ सांगण्याचा अधिकार एकाच व्यक्तीकडे असावा, आणि तिचा शब्द दिग्दर्शकानेही मानावा. लाल इशारा असलेल्या दिवशी पर्याय शोधू नये, चित्रीकरणच रद्द करावे. कारण तुंबलेल्या पाण्याखालचे उघडे मॅनहोल दिसत नाही. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात प्रभादेवी परिसरात अशाच मॅनहोलमध्ये पडून एका डॉक्टरांचा मृत्यू झाला. अशा पाण्यातून चालावेच लागल्यास लेप्टोस्पायरोसिसच्या प्रतिबंधासाठी ७२ तासांच्या आत वैद्यकीय सल्ला घ्यावा.