आधी गेल्या वर्षीची उलाढाल

टीडीएसवरची पुस्तके बहुधा दरांच्या तक्त्यांनी सुरू होतात. छोट्या व्यावसायिकाला तक्ता लागतो तो नंतर. कर कापण्याची जबाबदारी आपल्यावर आहे की नाही हे त्याला आधी कळायला हवे, आणि त्याचे उत्तर चालू वर्षाच्या हिशेबात सापडत नाही. प्रोप्रायटरच्या बाबतीत गेल्या आर्थिक वर्षाची उलाढाल पाहतात. ती धंद्यात १ कोटी रुपयांपेक्षा जास्त किंवा डॉक्टर, वकील अशा व्यवसायात ५० लाखांपेक्षा जास्त असेल, तर कंत्राटदाराच्या बिलातून आणि भाड्यातून कर कापावाच लागतो. भागीदारी संस्था आणि कंपनी यांना ही सवलत नाही. दोन भावांनी कालच भागीदारी पत्र केले असले, तरी ती पहिल्या दिवसापासून बांधील.

सांगलीजवळच्या कुपवाडमधले एक फर्निचरचे वर्कशॉप डोळ्यांपुढे आणा. मालक एकच, गाळा भाड्याचा, भाडे महिना ५५ हजार. २०२४-२५ ची उलाढाल ९२ लाख होती, म्हणून २०२५-२६ मध्ये कंत्राटदाराची बिले त्याने काहीही न कापता चुकती केली, ते बरोबरच होते. भाड्याचे मात्र वेगळे. नेहमीच्या तरतुदीत न बसणाऱ्या व्यक्तीलाही महिना ५० हजारांवरच्या भाड्यावर २ टक्के कापावे लागतात. तेही वर्षातून एकदा, मार्चच्या भाड्यातून किंवा मध्येच जागा सोडली तर शेवटच्या महिन्यात. त्यासाठी टॅन लागत नाही. वर्षाच्या ६ लाख ६० हजारांवर १३,२०० रुपये. हा नियम घरभाड्यासाठीच आहे असे समजून अनेक दुकानदार तो सोडून देतात.

आता २०२५-२६ ची उलाढाल १ कोटी ४ लाखांवर गेली. १ एप्रिल २०२६ पासून सगळे पालटते. टॅन काढायचा, त्याच गाळ्याच्या भाड्यातून दर महिन्याला १० टक्के, म्हणजे ५,५०० कापायचे आणि पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरायचे. मार्चच्या कपातीला ३० एप्रिलपर्यंत मुदत असते. गाळामालक कुरकुरतो, ‘कर तुमचा तुम्ही बघा, मला भाडे पूर्ण द्या.’ कर त्याचाच असतो आणि त्याच्या पॅनवर जमा होतो, हे त्याला एकदा शांतपणे सांगावे लागते. भाडे ५० हजार किंवा कमी असते, तर काहीच कापायचे नव्हते.

कंत्राटदाराच्या बाबतीत गोंधळ जास्त होतो, कारण तिथे मर्यादा दोन आहेत. एक बिल ३० हजारांवर गेले, किंवा वर्षाची बेरीज १ लाखावर गेली, की कपात आली. आपल्या वर्कशॉपमध्ये पॉलिशचे काम ठेक्याने दिले आहे. मेमध्ये २८ हजार, जुलैत २६, सप्टेंबरमध्ये २९ हजारांचे बिल आले. बेरीज ८३ हजार, कपात नाही. नोव्हेंबरच्या २७ हजारांच्या बिलाने बेरीज १ लाख १० हजार झाली. आता कर वरच्या १० हजारांवर नव्हे, सगळ्या १ लाख १० हजारांवर कापायचा. ठेकेदार व्यक्ती असल्याने दर १ टक्का, म्हणून १,१०० कापून हातात २५,९००. ठेकेदाराची भागीदारी संस्था असती तर २ टक्के. बिलात जीएसटी वेगळा दाखवला असेल, तर त्यावर कपात नाही.

तारखेचा मुद्दा तर हमखास निसटतो. पैसे देण्याचा दिवस आणि हिशेबात रक्कम ठेकेदाराच्या नावे जमा करण्याचा दिवस, यांतला जो आधी येईल तो कपातीचा. ३१ मार्चला बिलाची नोंद केली आणि पैसे जूनमध्ये दिले, तरी कपात मार्चची. वर्षअखेरीचे हिशेब जुळवताना एकगठ्ठा नोंदी करणाऱ्यांना हेच महागात पडते. न कापल्यास व्याज लागतेच. शिवाय त्या खर्चाचा ३० टक्के भाग उत्पन्नातून वजा होत नाही. वर्षाच्या भाड्यावर हा आकडा १ लाख ९८ हजार रुपये होतो.

वाचकांनी बुजू नये म्हणून एक खुलासा. कंत्राटदारांसाठी १९४सी आणि भाड्यासाठी १९४आय ही कलमे १९६१ च्या कायद्यातली. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या २०२५ च्या कायद्यात त्यांच्या तरतुदी कलम ३९३ च्या तक्त्यांत आल्या आहेत. बोलण्यात जुने आकडे अजून बरेच दिवस राहतील. चलन भरताना मात्र नवेच बघा.

पहिले प्रकरण उघडण्यापूर्वी गेल्या ३१ मार्चला संपलेल्या वर्षाचे नफा-तोटा पत्रक काढून उलाढालीच्या आकड्यावर खूण करा. पुढची कोणती पाने तुमच्या कामाची, हे त्यावरून ठरेल.