मनाई हुकूम (शेजाऱ्याचे बांधकाम व आवाज)

एखादी कृती करू नये, किंवा क्वचित केलेली कृती पूर्ववत करावी, असा दिवाणी न्यायालयाचा आदेश. बोलीत याला ‘स्टे’ म्हणतात. दाव्याच्या निकालात मिळते ती कायम मनाई (विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३, कलम ३८). दावा चालू असताना मिळते ती तात्पुरती (दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८, आदेश ३९). शेजाऱ्यांच्या भांडणात खरी लढाई दुसरीचीच, कारण निकाल लागेपर्यंत स्लॅब पडलेला असतो.

समजा, चिखलीच्या गावठाणातील एका घराच्या दक्षिणेकडील खिडकीतून पंचवीस वर्षे उजेड येत आहे आणि शेजाऱ्याने तिच्यासमोर तीन फुटांवर भिंत उभारायला घेतली. वीस वर्षे अखंड, शांतपणे आणि हक्क म्हणून घेतलेल्या उजेडावर सुविधाधिकार कायदा, १८८२ च्या कलम १५ नुसार हक्क जडतो. केवळ देखावा झाकला जाणे मात्र या हक्कात बसत नाही. उजेड थोडा कमी होणेही पुरत नाही. खोलीत नेहमीचे राहणे अडचणीचे व्हावे लागते.

घरमालक कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायालयात दाव्यासोबत तात्पुरत्या मनाईचा अर्ज देतो. वकिलांच्या तोंडी तो ‘निशाणी ५’. न्यायाधीश तीन गोष्टी पाहतात : प्रथमदर्शनी हक्क दिसतो का, मनाई न दिल्यास होणारे नुकसान पैशाने भरून निघेल का, आणि गैरसोयीचे पारडे कोणाकडे झुकते. भिंत पायापर्यंत असेल तर हे पारडे वादीकडे झुकण्याची शक्यता असते. छत पडल्यावर तीच भिंत पाडण्याचा अंतरिम आदेश अपवादानेच मिळतो. म्हणून पाया खोदला त्या दिवसापासूनची तारखेसह छायाचित्रे व न्यायालयीन आयुक्ताची मोका पाहणी मोलाची. ‘दोन महिने गप्प का बसलात?’ या प्रश्नावर पुष्कळ अर्ज अडखळतात.

नोटीस दिल्याने हेतूच फसणार असेल तर एकतर्फी मनाई मिळते. पण कारणे नोंदवावी लागतात, आणि वादीने अर्ज, दावा व कागदपत्रांच्या प्रती त्याच किंवा दुसऱ्या दिवशी प्रतिवादीला पाठवून तसे शपथपत्र द्यावे लागते. बांधणारा सावध असेल तर आधीच कॅव्हेट दाखल करतो. ते ९० दिवस टिकते आणि त्या काळात त्याला ऐकल्याशिवाय सहसा आदेश होत नाही.

आवाजाचे तसे नाही. पिठाची गिरणी रोज नव्याने त्रास देते, त्यामुळे उशीर तितका घातक ठरत नाही; पुराव्याचे काम मात्र अवघड. ध्वनी प्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे १० ते ६. गिरणी बंद करण्यापेक्षा तिची वेळ बांधून देणे किंवा यंत्राखाली रबरी गाद्या बसवायला लावणे, असा आदेश अनेकदा व्यवहार्य ठरतो.

मनाई मोडल्यास मालमत्तेची जप्ती व तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. अपुऱ्या कारणावर मनाई मिळवली असे ठरल्यास वादीला ५०,००० रुपयांपर्यंत भरपाई द्यावी लागू शकते (संहिता, कलम ९५). चिखलीच्या उदाहरणात तात्पुरत्या मनाईविरुद्धचे अपील बुलढाण्याच्या जिल्हा न्यायालयाच्या अखत्यारीत येते.